‘मी रजेवर आहे आणि मेल बघणार नाही’

कर्मचारी लांब रजेवर गेला की त्याच्या पत्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मेलला संगणक आपणहून एक ठरावीक उत्तर पाठवतो. याला कार्यालयांत ‘आउट ऑफ ऑफिस लावणे’ म्हणतात. बहुतेक उत्तरे दोन-तीन कोरड्या वाक्यांची असतात आणि ती पूर्ण वाचण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. त्यांतला एक प्रकार मात्र आवर्जून वाचला जातो आणि शेजारच्या टेबलावरही दाखवला जातो. त्यात रजेवरचा माणूस हसतहसत स्पष्ट सांगतो की तो मेल बघणार नाही, मधूनमधूनही नाही आणि तातडीचा असला तरी नाही. हे लिहायला वाटते तितके सोपे नसते. नकार ठाम हवा, तो वाचून कुणाचे काम अडता कामा नये आणि विनोदाने कुणी दुखावताही कामा नये.

हा विनोद या सोयीइतकाच जुना आहे. मेल पोहोचवणारा ‘सेंडमेल’ हा प्रोग्राम लिहिणारे एरिक ऑलमन यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील युनिक्स प्रणालीसाठी `vacation` नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. रजेवर जाणाऱ्याने `.vacation.msg` या फाइलमध्ये आपला निरोप लिहून ठेवायचा आणि मेल आला की प्रोग्रामने तो परत धाडायचा, एवढेच त्याचे काम होते. त्याच्या माहितीपत्रकात नमुन्याचा एक निरोप दिलेला असे. 22 जुलैपर्यंत मी रजेवर आहे, तातडीचे असेल तर अमुक सहकाऱ्याला लिहा, इतकाच त्याचा मजकूर होता. पण पाठवणाऱ्याची आणि विषयाची ओळ जिथे असते त्या शीर्षभागात एक जादा ओळ घुसडलेली होती: `Delivered-By-The-Graces-Of: The Vacation program`. म्हणजे हे उत्तर रजा-प्रोग्रामच्या कृपेने पोहोचले आहे. एकदा उत्तर दिलेल्या माणसाला आठवडाभर पुन्हा उत्तर द्यायचे नाही, हा नियमही त्यात मुळातच होता.

हा नियम का हवा, हे समजायला दोन माणसे एकाच वेळी रजेवर आहेत असे धरू. पहिल्याचे स्वयंचलित उत्तर दुसऱ्याला जाते. दुसऱ्याचा संगणक त्याला नवा मेल समजून आपले उत्तर पाठवतो. ते पाहून पहिला संगणक पुन्हा उत्तर देतो. दोघे मालक समुद्रकिनारी निवांत आणि इकडे त्यांची यंत्रे एकमेकांना ‘मी इथे नाही’ असे रात्रभर सांगत बसलेली. पूर्वी असे खरोखर घडत असे. एखाद्या गटाच्या सामाईक पत्त्यावर असे उत्तर गेले तर ते शेकडो लोकांच्या मेलबॉक्समध्ये पडे आणि त्यांच्यापैकी रजेवर असलेल्यांची उत्तरे पुन्हा त्याच पत्त्यावर येत.

म्हणून 2004 साली आरएफसी 3834 या दस्तऐवजात अशा उत्तरांचे शिष्टाचार लिहून ठेवण्यात आले. यंत्राने पाठवलेल्या उत्तराच्या शीर्षभागात `Auto-Submitted: auto-replied` अशी खूण करावी आणि ती खूण असलेल्या मेलला कोणत्याही यंत्राने उत्तर देऊ नये. घाऊक पाठवलेल्या किंवा गटाच्या पत्त्यावरून आलेल्या मेलला उत्तर देऊ नये. ज्या मेलवर आपले नाव थेट लिहिलेले नाही तो आपल्यासाठी नाही असे समजावे. हे सगळे वाचणाऱ्याला दिसत नाही, पण गमतीदार निरोप लिहिणाऱ्याला त्यातला एक भाग ठाऊक असलेला बरा. तो म्हणजे एकाच माणसाला तो निरोप कितीदा दिसणार.

याची पद्धत सेवेगणिक बदलते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक-एक्स्चेंज व्यवस्थेत एका पाठवणाऱ्याला संपूर्ण रजेच्या काळात उत्तर एकदाच जाते. जीमेलमध्ये तोच माणूस पुन्हा लिहीत राहिला तर दर चार दिवसांनी एकदा जाते. तीन आठवड्यांच्या रजेत रोज मेल करणाऱ्या ग्राहकाला एकच विनोद पाच-सहा वेळा वाचावा लागतो असा याचा अर्थ. पहिल्यांदा तो हसतो, तिसऱ्यांदा चिडतो. त्यामुळे जीमेल वापरणाऱ्याने विनोद आखूड ठेवावा. आउटलुकवाल्याला थोडी ऐसपैस मोकळीक आहे.

आता प्रत्यक्ष मजकुराकडे येऊ. मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत लेखा विभागात काम करणारी एक व्यक्ती कल्पनेत घेऊ. गणपतीसाठी ती 7 ते 27 सप्टेंबर कोकणात गावी जाणार आहे. चतुर्थी 14 तारखेला, म्हणजे घर झाडून-सारवून माटवी बांधायला आठवडा हाताशी आणि अनंत चतुर्दशीनंतर परतीच्या गाडीच्या गर्दीसाठीही थोडी सवड. सवयीने लिहिलेला निरोप बहुधा असा असतो:

> मी 7 ते 27 सप्टेंबर रजेवर आहे. या काळात मेल पाहणे मर्यादित स्वरूपात शक्य होईल. तातडीचे काम असल्यास कृपया मोबाइलवर संपर्क साधावा.

सभ्य दिसणाऱ्या या निरोपात रजेचा घात करणाऱ्या दोन वाक्यांना जागा मिळाली आहे. ‘मर्यादित स्वरूपात’ या शब्दांतून वाचणाऱ्याला एवढेच कळते की मेल बघितला जाणार आहे, फक्त कधी ते ठाऊक नाही. तो उत्तराची वाट पाहत बसतो, दोन दिवसांनी आठवण करून देतो आणि दुसऱ्या कुणाकडे जात नाही. दुसरे वाक्य अधिक घातक आहे. काम तातडीचे आहे की नाही हे ठरवण्याचा हक्क ते पाठवणाऱ्याच्या हाती देते, आणि स्वतःचे काम तातडीचे नाही असे मानणारा माणूस कार्यालयात क्वचितच भेटतो.

याच्या दुसऱ्या टोकाला रजेवरच्या माणसाचा स्वतःचा गैरसमज असतो. लॉरा जर्जे आणि व्हॅनेसा बोन्स या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की कामाच्या वेळेबाहेर आलेल्या, मुळीच तातडीचा नसलेल्या मेललाही पाठवणाऱ्याला लगेच उत्तर हवे आहे, असे घेणाऱ्याला वाटते. पाठवणाऱ्याची प्रत्यक्ष अपेक्षा त्याहून बरीच कमी असते. तेव्हा ‘मधूनमधून बघेन’ हे वाक्य पुष्कळदा कुणीही न मागितलेले आश्वासन असते.

तोच निरोप नकारासकट पुन्हा लिहिला तर असा होतो:

> नमस्कार,
>
> मी 7 ते 27 सप्टेंबर गावी आहे. या तीन आठवड्यांत मेल बघणार नाही. ‘अधूनमधून नजर टाकेन’ असंही नाही. लॅपटॉप मुंबईच्या कपाटात आहे. कपाटाची किल्ली आईने ‘नीट’ ठेवली आहे, म्हणजे आता ती दिवाळीच्या साफसफाईआधी सापडणार नाही.
>
> पुरवठादारांची बिलं आणि जीएसटीचं 20 तारखेचं विवरणपत्र लेखा विभागातले माझे सहकारी बघतील. पगार आणि टीडीएसबद्दल विभागप्रमुखांना लिहा. दोघांचे पत्ते खाली आहेत.
>
> काम तातडीचं असेल तर या दोघांपैकी एकाला कळवा. अतितातडीचं असेल तरीही त्यांनाच. गावात रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर येते आणि ती जागा आरतीत झांजा कुणी वाजवायच्या यावर भांडणाऱ्या पोरांनी अडवली आहे.
>
> सोमवारी, 28 सप्टेंबरला हजर होईन. तोवर शिळा होईल असा मेल असेल तर तो 28 ला पुन्हा पाठवा.

यातली गंमत बाजूला काढली तरी निरोप पुरता उरतो, हे आधी पाहण्यासारखे आहे. रजा कधीपासून कधीपर्यंत, कोणते काम कोण बघणार, परत कधी, आणि आलेल्या मेलचे काय होणार, ही चारही उत्तरे त्यात आहेत. लेखा विभागाच्या माणसाने ‘माझ्या गैरहजेरीत अमुक यांना भेटा’ एवढेच लिहून भागत नाही. या तीन आठवड्यांत दर महिन्याच्या 7 तारखेचा टीडीएसचा भरणा आणि 20 तारखेचे जीएसटी विवरणपत्र असे दोन मुदतीचे दिवस येतात. त्यांतला पहिला तर नेमका रजेच्या पहिल्याच दिवशी आहे. एकाच माणसाचे नाव दिले तर चुकीचा मेल चुकीच्या टेबलावर जाऊन पडतो आणि दंड कंपनीला बसतो. कामागणिक नावे देणे म्हणूनच विनोदाच्या आधीचे काम आहे. ज्यांची नावे द्यायची त्यांना आधी विचारायचे असते, हेही सांगायला हवे, कारण स्वतःचे नाव दुसऱ्याच्या ऑटो-रिप्लायमध्ये पहिल्यांदा वाचणारे सहकारी प्रत्येक कार्यालयात आहेत.

आता विनोद कुठे आहे ते पाहू. तो सगळा लिहिणाऱ्याच्या घरात आणि गावात आहे: कपाट, आईची ‘नीट’ ठेवण्याची खोड, विहिरीचा कठडा, झांजांवरून भांडणारी पोरे. वाचणाऱ्यावर, त्याच्या मेलवर किंवा त्याच्या घाईवर एकही टोमणा नाही. शिवाय प्रत्येक गंमत नकाराचे कारण म्हणून आली आहे. मेल का बघणार नाही, तर किल्ली नाही. फोन का उचलणार नाही, तर कठडा मोकळा नाही. कारण उघडच बनावट आहे आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. त्यामुळे ‘मला बघायचे नाही’ हे खरे कारण न बोलता पोहोचते आणि कुणाला लागत नाही. नकाराचा बोजा माणसाऐवजी कपाटावर गेला की मराठी कार्यालयातला वरिष्ठसुद्धा तो सहज स्वीकारतो.

सगळ्यात महत्त्वाचे वाक्य मात्र दिसायला साधे आहे: ‘अतितातडीचं असेल तरीही त्यांनाच.’ पहिल्या निरोपात मोकळी सोडलेली फट इथे बंद होते. हे वाक्य गाळले तर बाकीचा विनोद नुसती सजावट ठरतो, कारण वाचणारा हसून झाल्यावर फोन लावतोच.

फसलेले निरोप ओळखायला फार कसब लागत नाही. ‘तुम्ही ऑफिसात घाम गाळा, मी इकडे मासे हाणतो’ या थाटाचा मजकूर रजा न मिळालेल्याच्या जखमेवर मीठ चोळतो. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला तर तो सरळ अपमानच वाटतो. स्वयंचलित उत्तराची मर्यादा इथे कळते: समोर कोण आहे हे यंत्राला ठाऊक नसते. दहा वर्षांचा मित्र, नवा ग्राहक, आयकर खात्याची नोटीस पाठवणारा अधिकारी आणि वडील वारल्याचे कळवणारा सहकारी, या सगळ्यांना तोच विनोद त्याच सुरात जातो. लिहून झाल्यावर मजकूर या चौघांच्या नजरेने वाचून पाहिला की कुठले वाक्य काढायचे ते आपोआप दिसते. वरच्या नमुन्यातली विहीर शेवटच्या माणसासमोरही फारशी ओशाळत नाही. मासे ओशाळतात.

यावर एक तांत्रिक तोडगाही आहे. आउटलुकच्या `Automatic Replies` या पानावर मजकुरासाठी दोन वेगळ्या चौकटी असतात, एक संस्थेतल्या लोकांसाठी आणि दुसरी बाहेरच्यांसाठी. आतल्या चौकटीत मराठी आणि कपाट, बाहेरच्या चौकटीत साधे इंग्रजी आणि फक्त तारखा व पर्यायी पत्ता, ही वाटणी महाराष्ट्रातल्या बहुतेक कार्यालयांना मानवते. बाहेरच्या चौकटीत कमी बोलण्याला आणखी एक कारण आहे. उत्तर कुणाला जाईल यावर ताबा नसतो. तीन आठवडे मुंबईचे घर बंद आहे आणि अमुक सहकारी बिले मंजूर करतो, एवढी माहिती एखाद्या भामट्याला त्या सहकाऱ्याला खोटे बिल धाडायला पुरते. जीमेलच्या `Vacation responder` मध्ये फक्त ओळखीच्या पत्त्यांनाच उत्तर पाठवण्याचा पर्याय आहे. व्यक्तिगत मेलसाठी तो लावून ठेवावा.

निरोप वाचणाऱ्याला कळेल अशाच भाषेत हवा, याचा धडा वेल्समधल्या स्वॉन्झी शहराच्या नगर परिषदेने 2008 साली सगळ्या जगाला हसवून दिला. तिथे रस्त्यांवरच्या पाट्या इंग्रजी आणि वेल्श अशा दोन भाषांत लागतात. अवजड वाहनांना बंदी असल्याच्या पाटीचा इंग्रजी मजकूर परिषदेने अनुवादासाठी मेलने पाठवला. लगेच वेल्शमध्ये उत्तर आले, म्हणून तेच पाटीवर रंगवून रस्त्याच्या कडेला उभे करण्यात आले. वेल्श जाणणाऱ्यांनी वाचले तेव्हा कळले की पाटीवर लिहिले आहे: मी सध्या कार्यालयात नाही, अनुवादाचे काम असेल तर पाठवा. बिचाऱ्या अनुवादकाच्या निरोपात काहीच चूक नव्हती. तो स्वयंचलित आहे हे दाखवणारी खूण वाचणाऱ्याला समजेल अशी नव्हती, एवढेच.

मेल न बघण्याच्या निर्धाराचे टोक जर्मनीत गाठले गेले. डाइमलर या मोटार कंपनीने 2014 मध्ये जर्मनीतल्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांसाठी ‘मेल ऑन हॉलिडे’ नावाची व्यवस्था खुली केली. रजेच्या काळात आलेला मेल साठून राहत नाही, तो पुसूनच टाकला जातो. पाठवणाऱ्याला उत्तरात तसे स्पष्ट कळवले जाते आणि काम महत्त्वाचे असेल तर कुणाशी संपर्क साधायचा तेही सांगितले जाते. व्यवस्था ऐच्छिक होती. तिचे मर्म परतीच्या दिवशी समजते. नेहमीच्या ऑटो-रिप्लायमुळे रजा शांत जाते खरी, पण शेकडो मेल पहिल्या सोमवारची वाट पाहत साचलेले असतात आणि त्यांच्या धास्तीने शेवटचे दोन दिवस वाया जातात. पुसलेल्या मेलची धास्ती वाटत नाही. आणि पुन्हा पाठवण्याचे कष्ट घ्यावे लागले की निम्म्या लोकांचे काम मुळात तेवढे गरजेचे नव्हते असे त्यांनाच आढळते, असा तर्क यामागे करता येतो.

भारतातल्या कर्मचाऱ्याने हे स्वतःच्या हिमतीवर करू नये. कंपनीच्या पत्त्यावर आलेला मेल ही कंपनीची नोंद असते. त्यात करारातली नोटीस किंवा सरकारी पत्र असू शकते, आणि ‘माझा ऑटो-रिप्लाय वाचा’ हा त्यावर बचाव होत नाही. डाइमलरमध्ये हे चालले कारण व्यवस्था कंपनीनेच उभी केली होती. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून लागू झालेल्या कायद्याने पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबाबत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करणे भाग पाडले. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा हक्काचे 2018 चे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे इथे रजेचा निर्धार अजून तरी कायद्यापेक्षा विभागप्रमुखाच्या संमतीवर उभा आहे आणि निरोप लावण्याआधी तो त्यांना दाखवून घेणे शहाणपणाचे ठरते. वरच्या नमुन्यातले ‘28 ला पुन्हा पाठवा’ हे वाक्य डाइमलरच्या कल्पनेचे सौम्य रूप आहे. मेल पुसला जात नाही, पण जुन्या ढिगात तो शोधण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याकडे परत जाते.

निर्धार मोडण्याची पाळी बहुधा लिहिणाऱ्यावरच येते. चौथ्या-पाचव्या दिवशी कठड्यावर रेंज मिळते आणि एका मेलला ‘ठीक आहे, करून टाका’ असे चार शब्दांचे उत्तर जाते. त्या क्षणी किल्लीची गोष्ट संपते. ज्याला उत्तर मिळाले तो इतरांना सांगतो आणि पुढच्या दोन दिवसांत फोन सुरू होतात. अशा वेळी मेलवर उत्तर न देता नेमलेल्या सहकाऱ्यालाच फोन करून ते काम सांगावे. उत्तर त्याच्या नावाने गेले म्हणजे निरोपातले एकही वाक्य खोटे ठरत नाही.

परतीची तारीख घालताना बरेच जण चुकतात. जीमेलमध्ये शेवटचा दिवस म्हणून दिलेल्या तारखेला रात्री 11:59 पर्यंत उत्तर जात राहते. तेव्हा तिथे हजर होण्याची 28 तारीख न घालता 27 घालावी. आउटलुकमध्ये सुरुवात-शेवटाची वेळ न भरता नुसते उत्तर चालू केले तर ते हाताने बंद करेपर्यंत चालूच राहते. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मेल केला की उत्तर येते, तो गावी आहे आणि किल्ली दिवाळीशिवाय सापडणार नाही. रजेवरून आल्यावर दुसऱ्या खात्यातून स्वतःलाच एक कोरा मेल पाठवून पाहिला की ते बंद आहे की नाही हे लगेच कळते.